'क्रेडिट युटिलायझेशन'ला मराठीत काय म्हणावं?

सायली
नुकतीच नोकरी लागलेल्या मुलामुलींसाठी क्रेडिट स्कोअरवर एक पत्रक लिहितेय. स्कोअरला 'पतगुणांक' घेतलंय. 'क्रेडिट युटिलायझेशन'ला मात्र एके ठिकाणी 'पत उपयोगिता' असं वाचलं आणि मलाच काही कळलं नाही. काय वापरावं?

मोडीवाचक
उपयोगिता म्हणजे एखादी वस्तू किती कामाची आहे ते. इथे मंजूर मर्यादेतले किती पैसे उचललेत हे सांगायचंय. 'उचल-प्रमाण' म्हणा. आणि पत्रकात पत आणि ऐपत यांची गल्लत होऊ देऊ नका. पतगुणांक हा ऐपतीचा आकडा नाही.

कर्जविभाग
हे पहिल्या परिच्छेदातच घाला. पगार किती, खात्यात शिल्लक किती, हे स्कोअरच्या गणितात येतच नाही. कर्ज देताना बँक ते बघते, पण वेगळं. फायको या स्कोअर काढणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या पद्धतीत पैसे वेळेवर भरले का याला 35 टक्के वजन आहे आणि देणं किती आहे याला 30. तुमचं 'क्रेडिट युटिलायझेशन' हा या 30 टक्क्यांतला मोठा भाग.

रानवारा
म्हणूनच कार्डावर थोडी बाकी मुद्दाम ठेवायची. मी मिनिमम भरतो आणि उरलेलं पुढच्या महिन्यात ढकलतो. वापर दिसला पाहिजे ना!

कर्जविभाग
रानवारा, वापर दिसावा हे अर्धं खरं आहे. कार्ड वर्षभर पडून राहिलं तर हिशेबाला काही मिळत नाही. पण त्यासाठी बाकी ढकलायची गरज नाही. वापर दिसतो तो स्टेटमेंटमध्ये. ते आल्यावर पूर्ण रक्कम भरली तरी नोंद झालेलीच असते. तुम्ही व्याज भरताय ते फुकट जातंय.

चांदणचुरा
मग माझं काय चुकतंय? मी दर महिन्याला शेवटच्या तारखेआधी पूर्ण बिल भरते, एकही दिवस उशीर नाही. तरी स्कोअर खाली आलाय. मर्यादा 50,000 आहे आणि महिन्याला साधारण 40,000 कार्डावर जातात.

कर्जविभाग
बिल कधी तयार होतं?

चांदणचुरा
18 तारखेला. मी 5 तारखेला भरते.

कर्जविभाग
बऱ्याच बँका स्टेटमेंटच्या दिवशी जी बाकी असेल तीच स्कोअर काढणाऱ्या कंपन्यांना कळवतात. म्हणजे 18 तारखेला तुमच्या नावावर 40,000 गेले. 50,000 पैकी 40,000, म्हणजे 80 टक्के. 5 तारखेला तुम्ही सगळं फेडलंत हे त्या आकड्यात दिसतच नाही. खर्च तेवढाच ठेवा, फक्त 16 तारखेच्या आसपास 32,000 भरून टाका. स्टेटमेंटमध्ये 8,000 उरतील, म्हणजे 16 टक्के. ते शेवटच्या तारखेआधी भरा. आधी एकदा स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढून कार्डापुढची बाकी आणि ती कळवल्याची तारीख बघा. काही बँका महिनाअखेरची बाकी कळवतात, तसं असेल तर त्याआधी भरायचं. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही.

चांदणचुरा
अजून एक. मोठ्या मर्यादेचं जुनं कार्ड वापरत नव्हते म्हणून मध्यंतरी बंद केलं. त्याची मर्यादा एक लाख होती.

कर्जविभाग
मग घसरण बरीचशी तिथेच आहे. आधी 40,000 ची तुलना दीड लाखाशी होत होती, म्हणजे जेमतेम 27 टक्के. कार्ड बंद झालं आणि तेच 40,000 एकट्या 50,000 समोर उभे राहिले. वार्षिक फी नसेल तर जुनं कार्ड चालू ठेवावं, अधूनमधून एखादं छोटं बिल त्यावर भरावं. दिलासा एवढाच की बऱ्याच पद्धतींत हे प्रमाण ताज्या नोंदीवरूनच मोजतात, त्यामुळे पुढची नोंद आली की सुधारतं. चुकलेला हप्ता मात्र वर्षानुवर्षं रिपोर्टमध्ये राहतो. सायली, म्हणून पत्रकात ऑटोपेचा सल्ला आधी द्या, प्रमाणाचं नंतर.

सायली
म्हणजे शब्दाच्या व्याख्येतच 'स्टेटमेंटच्या दिवशीची बाकी' यायला हवी. पण 'उचल' म्हटलं की मला आगाऊ घेतलेला पगार आठवतो. मुलांना वाटेल, कार्डावर रोख काढण्याबद्दल चाललंय.

मोडीवाचक
आक्षेप रास्त आहे. मग 'मर्यादा-वापर'?

रानवारा
कार्डाचा वापर 30 टक्क्यांपुढे जाऊ द्यायचा नाही असं म्हणतात, त्यावरून तेच आठवतं. तीच मर्यादा ना?

कर्जविभाग
नाही, मर्यादा म्हणजे बँकेने मंजूर केलेली रक्कम. 30 टक्के हा ठोकताळा आहे. 29 ला शाबासकी आणि 31 ला शिक्षा असं काही नाही, जितकं कमी तितकं बरं.

सायली
या घोळामुळेच 'मर्यादा-वापर' पण नको वाटतंय. सध्या 'बाकीचं प्रमाण' लिहून ठेवते. दोन कार्डं असतील तर प्रत्येकाचं वेगळं धरायचं की एकत्र?

कर्जविभाग
दोन्ही बघतात. एकूण प्रमाण कमी असलं तरी एकच कार्ड काठोकाठ भरलेलं असेल तर तेही खुपतं.