तीन प्रोजेक्टमधे वाटलेली एकच अ‍ॅनालिसिसवाली: शीट हिरवं, आणि ती रात्री नऊपर्यंत ऑफिसात

हिंजवडी_फेज_तीन
आमच्याकडे स्ट्रेस अ‍ॅनालिसिस करणारी एकच मुलगी आहे, ती ट्रॅक्टरला ५० टक्के, बसला ३० आणि पंपाला २० अशी वाटलीये. तिघे पीएम बघतात ते शीट एकच, त्यावर तिचा महिन्याचा बार ९५ टक्के, हिरवागार. तरी तिसऱ्या आठवड्यात तिघांची जुंपतेच. हे शीटवर आधी दिसायला काय करायचं, आणि भांडण सोडवायचं कुणी?

टक्केवाला
शीटमधे काही खोट नाही. ५०-३०-२० ठरलंय ना, मग ज्याने त्याने आपल्या वाट्यात रहायचं. ट्रॅक्टरवाला दर वेळी ७० टक्के खातो आणि बाकीचे गप्प बसतात, हा शिस्तीचा प्रश्न आहे, तासांचे कॉलम वाढवून शिस्त येत नसते.

कर्वेनगरची_पीएमओ
शिस्त पाहिजे हे खरं, पण काम टक्क्याटक्क्याने येतच नाही हो. डिझाइन फ्रीजच्या आठवड्यात ट्रॅक्टरला तिचे तीन दिवस लागणार आणि त्याआधीच्या आठवड्यात कदाचित एकच. धागेवाले, एक काम करा, तिन्ही प्रोजेक्टना तिचे खरे किती तास लागतात ते आठवड्यावार टाका इथे. आणि कपॅसिटी ४० धरलीये का? जुन्या प्रोजेक्टच्या शंका, रिव्ह्यू, मीटिंगा यात तास जातातच.

हिंजवडी_फेज_तीन
नाही, ते वजा करून आठवड्याला ३२ धरलेत. मागच्या महिन्याचं बुकिंग बघितलं तर पहिल्या आठवड्यात २०, दुसऱ्यात २६, तिसऱ्यात ४६, चौथ्यात ३०. तिसऱ्यातले ट्रॅक्टर २४, बस १६, पंप ६.

कर्वेनगरची_पीएमओ
हेच म्हणत होते. बेरीज १२२, महिन्याची कपॅसिटी १२८, म्हणून बार हिरवा. पण तिसऱ्या आठवड्यात ३२ तासांच्या माणसावर ४६ चढवलेत, १४ जास्त. महिन्याच्या खान्यात ते १४ पहिल्या-दुसऱ्या आठवड्याच्या रिकाम्या जागेत जिरून जातात आणि कुणाला दिसत नाहीत. खाना आठवड्याचा करा, दर आठवड्याला एकच उभा बार, त्यात तीन प्रोजेक्टचे तीन रंग एकावर एक, आणि वर ३२ वर आडवी रेघ. गौरी-गणपतीला ती दोन दिवस रजेवर असेल तर त्या आठवड्यात रेघच खाली आली पाहिजे. रजा कुठेतरी कॉमेंटमधे लिहून ठेवतात आणि मग सगळ्यांना आश्चर्य वाटतं.
आता सोडवायचं कसं ते. पहिल्या आठवड्यात १२ तास मोकळे, दुसऱ्यात ६, चौथ्यात फक्त २. म्हणजे पुढे ढकलायला जागाच नाहीये, काम अलीकडे ओढायचं. बसच्या १६ पैकी मेशिंगचे ८ पहिल्या आठवड्यात घेता आले आणि पंपाचे ६ दुसऱ्यात, तर आठवडे २८, ३२, ३२, ३० असे बसतात आणि एकही तारीख हलत नाही. पण हे महिन्याच्या सुरुवातीला दिसलं तरच. तिसऱ्या सोमवारी कळलं तर चौथ्यात २ तास मावतील आणि उरलेले १२ पुढच्या महिन्यात, मग कुणाची तरी तारीख जाणारच. म्हणून शीट निदान सहा आठवडे पुढचं दाखवणारं हवं.

रांगेत_या
माझा याला सरळ विरोध आहे. तीन पीएम बसून एका माणसाचे तास वाटतायत म्हणजे तिला मशीन केलंत. बार-बिर काढून टाका आणि तिच्या नावाची एकच रांग लावा, एका वेळी हातात फार तर दोन कामं. तिसऱ्याला घाई असेल तर त्याने इतर दोघांशी बोलून नंबर वर घ्यावा. तासांचे अंदाज तसेही चुकतात, ४६ हा आकडा कुठून आला?

मेश_करणारी
मी अशीच तिघांत वाटलेली आहे (वेगळ्या कंपनीत, घाबरू नका). रांग मला आवडते, पण रांगेत उभं राहिल्यावर बसवाल्याला त्याच्या क्लायंटला तारीख सांगता येत नाही, मग तो रोज माझ्या डेस्कवर येऊन उभा. तासांमधेही गंमत आहे. पीएम लिहितो 'अ‍ॅनालिसिस, ३ दिवस' आणि शीट माझे २४ तास खातं, प्रत्यक्षात मेशिंग आणि बाउंड्री कंडिशन लावण्यात माझे ८-९ जातात, मग सॉल्व्हर रात्रभर आणि दुसरा अर्धा दिवस चालतो, तेव्हा मी मोकळी असते, आणि शेवटी रिझल्ट बघून रिपोर्टला ४-५. मशीन चालतंय तो वेळ माझ्या नावावर टाकला की खोटी धडक दिसते, आणि ती मोडायला खरं काम हलवलं जातं.
आणि ताई, बसचं मेशिंग पहिल्या आठवड्यात ओढायचं म्हणताय, पण तेव्हा जॉमेट्री फायनल असते का? आमच्याकडे नसते. मी ८ तास मेश करायचा आणि नंतर दोन फिलेट आणि एक भोक बदललं म्हणून त्यातले ५ पुन्हा.

कर्वेनगरची_पीएमओ
मान्य, हे माझ्या हिशोबात नव्हतं. मग बसवाल्याला जॉमेट्रीची तारीख विचारूनच ओढायचं, आणि ती हलणार असेल तर आधी पंप ओढा. सॉल्व्हरचा वेळ कालावधीत धरा, तासांत नको.

टक्केवाला
एवढी कटकट कशाला, एमएस प्रोजेक्टमधे रिसोर्स पूल करून लेव्हलिंगचं बटण दाबा की.

जुना_प्लॅनर
दाबलंय बाबा. सुरुवातीच्या तारखेवरून शेड्यूल असेल तर ते काम पुढे ढकलतं नाहीतर तोडतं, अलीकडे ओढत नाही, आणि वर तर ओढायचाच प्रश्न आहे. दुसरं म्हणजे प्रायॉरिटी ० ते १००० असते, काही केलं नाही तर ५००, आणि १००० वाल्याला लेव्हलिंग हातच लावत नाही. आमच्याकडे हे एका पीएमला कळलं, आठवड्यात तिघांचेही प्रोजेक्ट १००० वर. बटण दाबलं की काहीच हलायचं नाही, सगळे म्हणायचे टूल बेकार. शिवाय पूलची फाइल एक जण अपडेट करायचा विसरला की बाकीचे दोघे शिळा प्लॅन बघत बसतात.

कोथरूड_स्टेज
आमच्या एकांकिकेचं अगदी हेच, लाइटवाला एक आणि तालमी तीन ग्रुपच्या! पण तो ज्याने आधी अ‍ॅडव्हान्स दिला त्याच्याकडे जातो, विषय संपला. तुम्ही दुसरी मुलगी का घेत नाही पण?

हिंजवडी_फेज_तीन
दुसरीचं बजेट मंजूर नाही, आणि घेतली तरी तयार व्हायला सहा महिने. अ‍ॅडव्हान्सवरून आठवलं, आमच्या ४६ मधले ट्रॅक्टरचे ८ तास 'लागले तर' म्हणून अडवलेले होते, शेवटी लागलेच नाहीत.

कर्वेनगरची_पीएमओ
मग ते शीटवर वेगळे दिसायला हवेत. पक्कं बुकिंग भरलेल्या रंगात, 'लागले तर' वालं नुसत्या रेघांचं. दोन आठवडे आधीच्या गुरुवारपर्यंत पक्कं केलं नाही तर जागा सुटली. ते ८ वगळले तर धडक १४ ची नाही, ६ चीच उरते, आणि एकटा पंप हलवून मिटते, बसच्या मेशला हात लावायची गरजच नाही. आणि निर्णय पीएमनी नाही घ्यायचा. आधी ज्याच्या कामाला फ्लोट आहे, म्हणजे तारीख न चुकवता सरकवायला जागा आहे, त्याचं हलवायचं, कुणालाच फ्लोट नसेल तर तिघांच्या वरचा जो डिलिव्हरी हेड आहे त्याने क्रम लावून द्यायचा, लेखी.

रांगेत_या
म्हणजे शेवटी रांगच लावलीत ना.

कर्वेनगरची_पीएमओ
फ्लोट संपल्यावर, हो. त्याआधी नाही.

मेश_करणारी
गुरुवारी बुकिंग पक्कं करायला बसाल तेव्हा तिलाही बोलवा. आमच्याकडे माझे तास मला सोडून सगळे ठरवतात.

हिंजवडी_फेज_तीन
आठवड्याचा बार आणि रेघांचं बुकिंग सोमवारी टाकतो. क्रमाचं अवघड आहे, आमचा डिलिव्हरी हेडच ट्रॅक्टरच्या क्लायंटला रोज फोन करतो, तो पंपाला वर लावेल असं काही मला वाटत नाही.