दोन रकान्यांची संहिता: ओळ शॉटची की कृतीची?

मेघना: अग्निशामक कसा वापरायचा यावर सहा मिनिटांची प्रशिक्षण फिल्म आहे. डावीकडे दृश्य, उजवीकडे ध्वनी अशी संहिता लिहिली. संकलक म्हणतो, प्रत्येक शॉटला वेगळी ओळ द्या. निवेदिका म्हणते, वाक्यं तुटतात. कुणाचं ऐकू?

समीर (संकलन): संकलकाचं. एका चौकटीत चार शॉट आणि समोर अख्खा परिच्छेद आला की कुठला शॉट कुठल्या शब्दावर टाकायचा हे मला अंदाजानं ठरवावं लागतं. अशाच एका कामात पडद्यावर दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात दिसत होता आणि निवेदन चाललं होतं, 'काटा लाल पट्ट्यात असेल तर अग्निशामक वापरू नका'. शिकणाऱ्यानं डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की कानांवर? दोन शॉटना दोन ओळी असत्या तर हे झालंच नसतं.

वृंदा (निवेदन): अजिबात पटत नाही. 'पिन ओढून' एका चौकटीत, 'नळी आगीच्या बुडाशी धरून' दुसऱ्या, 'मूठ दाबा' तिसऱ्या. चौकट संपली की डोळा थांबतो आणि डोळ्याबरोबर आवाजही खाली येतो. एका वाक्याची तीन अर्धवट वाक्यं होतात. त्यातलं एखादं पानाच्या तळाशी तुटलं तर पान उलटल्याचा आवाजही ध्वनिमुद्रणात येतो.

प्रकाश: भांडण वेळेचं आहे. सेकंदांचा तिसरा रकाना घाला. मिनिटाला १५० शब्द धरा आणि भागाकार करा.

अनघा (संहितालेखन): प्रकाश, वेळ लिहावी हे बरोबर, पण १५० हा इंग्रजी निवेदनाचा हिशोब आहे. आपल्या शब्दांना प्रत्यय चिकटतात, शब्द लांबतात. त्यापेक्षा मोठ्यानं वाचा आणि घड्याळ लावा. पण त्यातून फक्त आवाजाची वेळ कळते, हातांची नाही, आणि मेघनाची खरी अडचण हातांची आहे.

वृंदानं दिलेलं वाक्यच घ्या. ते वाचायला चार-पाच सेकंद लागतात. पडद्यावर मात्र आधी सील तुटतं, मग पिन निघते, मग नळी हातात येते. तेवढ्यात निवेदन 'मूठ दाबा'पर्यंत पोचलेलं असतं. संकलकाला मधे जागा हवी, पण 'ओढून'वर आवाज चढाच राहिलेला असतो. तिथे तीन सेकंद शांतता घातली तर निवेदिका वाक्य विसरली असं वाटतं.

म्हणून मी ओळ कृतीची ठेवते, आणि चित्राला जास्त वेळ लागू शकेल तिथे स्वल्पविराम न देता पूर्णविराम देते. '-ऊन'ची साखळी तोडते. ओळ ७ अशी होईल:

डावीकडे: ७अ. जवळून, सील आणि पिन. ७आ. हात पिन ओढतो.
उजवीकडे: सील तोडा. / पिन सरळ बाहेर ओढा.

नळी ओळ ८ मध्ये, मूठ ९ मध्ये. तिरकी रेघ संकलकासाठी, तिथे चित्र बदलतं. वाचणाऱ्यानं तिच्यावर थांबायचं नाही. प्रत्येक वाक्य पुरं असल्यामुळे गरज पडली तर संकलक तिथेच कापून मधे हवी तेवढी जागा सोडू शकतो.

मराठीत क्रियापद शेवटी येतं याचाही उपयोग होतो. 'पिन' म्हणताना पिन दाखवा, 'ओढा'वर हात हलू दे. डावा रकाना याच क्रमानं लिहिला की चित्र आणि शब्द आपोआप जुळतात. मात्र एक ओळ दोन पानांत तुटू देऊ नका.

किरण: आमच्याकडे स्लाइडवरचे धडे असतात, तिथे माझं वेगळंच झालं. पडद्यावर उमटणारा मजकूर मी उजव्या रकान्यात टाकला होता, तर निवेदकानं 'ठळक अक्षरात' हेसुद्धा वाचलं! पुन्हा मुद्रण करावं लागलं. तुम्ही दृश्यांसाठी वेगळं सॉफ्टवेअर वापरता का?

अनघा: किरण, सॉफ्टवेअर नको, साधा तक्ता पुरतो. पडद्यावरचा मजकूर डावीकडेच, कारण तो दिसतो. उजवीकडे फक्त जे ऐकू येतं ते, आणि आकडेही उच्चारासारखे: '१.५' न लिहिता 'दीड'.

समीर: पूर्णविरामाचं मान्य. पण चित्रीकरणात ७आचे दोन शॉट झाले तर? तुमची रेघ चुकीच्या जागी राहते आणि मी पुन्हा अंदाजावर.

अनघा: चित्रीकरणानंतर संहिता सुधारायचीच. फक्त जुने क्रमांक हलवायचे नाहीत. नवा शॉट ७इ, ओळ वाढली तर ७-१. मुद्रित तुकड्यांची नावं `R07_v2.wav` अशी ओळीवरूनच असतात. क्रमांक सरकले की आवाज भलत्याच चित्रावर जातो.

वृंदा: मला तरीही डावा रकाना नसलेली स्वच्छ प्रत हवी. वाचताना नजर भरकटते.

अनघा: इथे माझं मत वेगळं आहे. 'हा खटका दाबा' यातला 'हा' कुठला, हे चित्र कळल्याशिवाय जोर कुठे द्यायचा?

वृंदा: ते मी आधी वाचून घेईन. माइकसमोर नको.

मेघना: ओळ ७ ते ९ आज अशा लिहून दोघांना पाठवल्या. संकलकाला चालल्या. निवेदिकेनं विचारलंय, 'तोडा. ओढा. धरा.' असं सलग आलं तर कवायतीच्या हुकुमांसारखं वाटणार नाही का? याचं उत्तर मला सुचत नाहीये.