मदत हवी आहे: पोस्ट 'भारतात रोखली' अशी नोटीस आली, याचा नेमका अर्थ काय?

घागरवाली_सोलापूर
नमस्कार. मागच्या आठवड्यात आमच्या भागातल्या बायकांनी पाण्यासाठी घागर मोर्चा काढला होता. त्यातला 42 सेकंदांचा व्हिडिओ मी टाकला. गेटपाशी रेटारेटी होते, एका मावशींच्या हातातली स्टीलची घागर निसटून पायऱ्यांवरून गडगडत खाली येते, एवढंच त्यात आहे. खाली लिहिलं होतं, "पाच दिवसांनी पाणी, वर ढकलाढकली."

काल त्या जागी हे दिसलं:

```
withheld in India in response to a legal demand
```

दुबईतल्या भावाला लिंक पाठवली, त्याला व्हिडिओ व्यवस्थित दिसतोय. माझ्यावर गुन्हा दाखल झालाय का? पोस्ट डिलीट करू का? आई रात्रभर झोपली नाही.

सुताचा_गुंता
ताई, माझीही रील अशीच गेली होती. गाणं काढून पुन्हा टाकली, चालली.

घागरवाली_सोलापूर
दादा, यात गाणं नाही हो. बायकांच्या घोषणा आहेत फक्त.

नव्या_पेठेतला
कोर्टाची ऑर्डर आल्याशिवाय असं होत नाही. 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. वकील गाठा.

वकील_काकू
आधी आईला सांगा की ही नोटीस म्हणजे गुन्हा नव्हे, समन्सही नव्हे. कुणीतरी कंपनीला कायद्याचा हवाला देऊन हा मजकूर भारतात दाखवू नका असं कळवलं आणि कंपनीने ते मानलं, एवढाच तिचा अर्थ. तुमची पोस्ट खोटी ठरलेली नाही, कंपनीचा नियम तुम्ही मोडलाय असंही त्यात म्हटलेलं नाही. नियम मोडला असता तर ती दुबईतही दिसली नसती. गुन्ह्याचं प्रकरण वेगळं चालतं, त्यासाठी पोलीस थेट तुम्हालाच नोटीस देतील.

नव्या पेठेतले दादा, तुमचं अर्धं बरोबर आहे. 2015 च्या त्या श्रेया सिंघल निकालात 'कोर्टाचा आदेश किंवा सरकारी यंत्रणेची सूचना' असं आहे, नुसतं कोर्ट नाही. आणि मजकूर रोखायचा अधिकार सरकारला देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 69अ त्याच निकालात कायम राहिलं.

ताई, आता कळीची गोष्ट. सूचना कोणत्या कलमाखाली आली? 69अ असेल तर कारणं मोजकीच चालतात: देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, अशी. त्याला 2009 चे नियम लागू होतात. समितीपुढे म्हणणं मांडायला किमान 48 तास द्यायचे असतात. तातडीच्या प्रकरणात आधी रोखतात, मग समितीपुढे नेतात. पण 79(3)(ब) खाली सूचना असेल तर लिहिणाऱ्याला बोलावण्याची तरतूदच नाही. न ऐकल्यास लोकांच्या पोस्टसाठी कंपनीला असलेलं कायदेशीर संरक्षण जातं, म्हणून कंपन्या पटकन रोखून मोकळ्या होतात. याच वाटेला एक्स कॉर्पने कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं, ते सप्टेंबर 2025 मध्ये फेटाळलं गेलं.

तुम्हाला कंपनीचा मेल आला असेल. त्यात कलम लिहिलंय का?

घागरवाली_सोलापूर
मेल स्पॅममध्ये सापडला. "Information Technology Act, 2000" एवढंच आहे. कलम नाही, कुणी मागणी केली तेही नाही. खोटा मेल तर नसेल ना?

वकील_काकू
पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता उघडून बघा. पासवर्ड मागितला असेल किंवा 'अपील करा' म्हणून भलत्याच साइटची लिंक असेल, तर तो मेल बनावट समजा. नसेल तर त्याच मेलला उत्तर देऊन दोनच गोष्टी विचारा: कलम कोणतं आणि आदेशाची प्रत मिळेल का.

प्रत बहुधा नाकारतील. 2009 च्या नियमांत गुप्ततेची तरतूद आहे, तिच्यावर बोट ठेवतात. पण 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका रोखलेल्या वेबसाइटच्या मालकाला प्रत द्यायला आणि त्याचं म्हणणं ऐकायला सांगितलं होतं. त्यामुळे मागणी लेखी करून ठेवा.

नव्या_पेठेतला
तोवर व्हिडिओ दुसऱ्या खात्यावरून टाका. ताई एकट्या पडायला नकोत.

वकील_काकू
तसं करू नका. तोच व्हिडिओ पुन्हा टाकला तर एका पोस्टऐवजी सगळं खातंच रोखायची मागणी येऊ शकते. डिलीटही करू नका, आव्हान द्यायला पोस्ट जागेवर हवी. मूळ फाइल मोबाइलमधून पेनड्राइव्हवर घ्या. व्हॉट्सॲपवरून फिरवलेली नको, त्यात तारीख-वेळेची नोंद टिकत नाही. नोटिशीचा आणि भावाच्या स्क्रीनचा फोटो तारखेसह ठेवा.

पुढे रिट याचिका करायची ठरलीच तर मुंबई गाठायची गरज नाही. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरला सर्किट बेंच बसतं, सोलापूर जिल्हा त्याच्याकडेच आहे.

सुताचा_गुंता
काकू, आणि आम्ही ती पोस्ट शेअर केली होती, त्याचं काय?

वकील_काकू
शेअर केलेली पोस्टही इथे झाकलेलीच दिसेल. तुमच्यावर काही येईल का, हे मागणीत काय लिहिलंय त्यावर आहे, आणि तीच आपल्यापुढे नाही.

घागरवाली_सोलापूर
मेल कंपनीच्याच पत्त्यावरून आहे, तपासला. दोन्ही प्रश्न आत्ताच पाठवले. फाइल भावाच्या पेनड्राइव्हवर घेतली. त्या मावशींचाही चेहरा व्हिडिओत स्पष्ट दिसतो, त्यांना आज संध्याकाळी घरी जाऊन सांगते. उत्तर आलं की इथेच टाकेन.