लॅपटॉपला फोनचा हॉटस्पॉट, रोजचा दीड जीबी आणि व्हिडिओ: तुमचे अनुभव सांगा

पेठकरीण

सदाशिव-नारायण पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या बहुतेक मुलामुलींच्या खोलीवर वायफाय नसतं, आणि अनेक अभ्यासिकांमध्ये वायफायवर व्हिडिओ बघू देत नाहीत. मग फोनचा हॉटस्पॉट लावायचा आणि लॅपटॉपवर यूट्यूबचं लेक्चर बघायचं. संध्याकाळ व्हायच्या आत 'आजचा डेटा संपला' असा मेसेज येतो. त्यापुढे वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यात व्हॉट्सॲपचा मजकूर जातो, व्हिडिओ चालत नाही.

माझा धाकटा भाऊ राज्यसेवेची तयारी करतोय. त्याची तक्रार अशी की तेच लेक्चर फोनवर बघितलं तर दीड जीबी पुरतो, लॅपटॉपवर बघितलं तर पुरत नाही. म्हणून आम्ही एकदा नीट मोजलं. सकाळी फोनमधला हॉटस्पॉटचा आकडा टिपून ठेवला. डेटा वापराच्या यादीत हॉटस्पॉटची वेगळी ओळ असते. लॅपटॉपवर विंडोज ११ आहे, तिथे `Settings > Network & internet > Advanced network settings > Data usage` मध्ये जाऊन जुने आकडे पुसले. मग ४८०पी वर दोन तासांचं लेक्चर बघितलं.

फोन म्हणाला सुमारे १.३ जीबी गेले. लॅपटॉपच्या यादीत ब्राउझरच्या नावावर मात्र साडेपाचशे एमबीच होते. उरलेल्यातला मोठा वाटा विंडोजच्या अपडेटचा, त्याखालोखाल वनड्राइव्हचा. भावाने आदल्या दिवशी नोट्सचे फोटो फोल्डरमध्ये टाकले होते, ते हॉटस्पॉट मिळताच वर चढायला लागले. वर चढवलेला डेटाही कोट्यातूनच जातो. म्हणजे निम्म्याहून जास्त डेटा लेक्चरने खाल्लाच नव्हता.

याचं कारण एवढंच की फोनला आपण मोबाइल डेटावर आहोत हे ठाऊक असतं, म्हणून त्यातली ॲप हात आखडता घेतात. लॅपटॉपला फक्त एक वायफाय दिसतं, आणि वायफाय म्हटलं की तो मोकळा सुटतो.

तुमच्याकडे डेटा नक्की कशात जातो आणि तुम्ही काय केलंत ते लिहा. आकडे असतील तर फारच चांगलं.

सिंहगडरोडवाला

फोनमध्ये डेटा सेव्हर चालू करा की ताई. सगळं आपोआप कमी होतं, मी कायम चालूच ठेवतो.

पेठकरीण

दादा, आमच्या फोनवर डेटा सेव्हर चालू केला की हॉटस्पॉटच लागत नाही, आधी तो बंद करा म्हणतो. शिवाय तो आवरतो फोनमधल्या ॲपना. लॅपटॉप काय मागतोय यावर त्याचा ताबा नाही.

नेटवर्कवाला_काका

मोजणी अगदी बरोबर केलीत. माझं आयुष्य नेटवर्कच्या कामात गेलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, त्या हॉटस्पॉटला लॅपटॉपवर मीटर लावा. हॉटस्पॉटला जोडलेलं असताना `Settings > Network & internet > Wi-Fi` मध्ये त्या नेटवर्कच्या `properties` उघडा आणि `Metered connection` चालू करा. मग विंडोजचे बहुतेक अपडेट आपोआप उतरत नाहीत, स्टोअरमधल्या ॲपचे अपडेट थांबतात आणि वनड्राइव्हही थांबतो. अगदी गरजेचा एखादा अपडेट तरीही येऊ शकतो, तेवढं गृहीत धरा.

यात दोन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत. हे सेटिंग नेटवर्कच्या नावाला चिकटलेलं असतं. फोन बदलला, किंवा गंमत म्हणून हॉटस्पॉटचं नाव बदललं, की लॅपटॉपच्या दृष्टीने ते नवीन वायफाय होतं आणि मीटर गेलेला असतो. दुसरं, मीटर लावल्याने व्हिडिओची प्रत कमी होत नाही. ब्राउझरमध्ये १०८०पी लावलंत तर ते सुखेनैव १०८०पी चालेल. तो ताबा प्लेअरमध्येच ठेवावा लागतो.

हिशेबासाठी एकच आकडा पाठ ठेवा. १ एमबीपीएसचा व्हिडिओ तासभर चालला की ४५० एमबी जातात. बाकी सगळं त्याच्या पटीत.

कर्वेनगर_पीजी

मी लेक्चर दुप्पट वेगाने बघणं बंद केलं. दुप्पट वेगाला डेटाही दुप्पट जातो, हे फोनच्या मीटरवर स्वतः बघितलंय.

नेटवर्कवाला_काका

मीटरवर दिसलं ते खरंच आहे, पण तो तासाचा दर झाला. दोन तासांचं लेक्चर एका तासात संपलं, तर त्या एका तासात दोन तासांचा डेटा येणारच. लेक्चरमागे डेटा जवळपास तेवढाच. वेळ वाचत असेल तर वेग खुशाल वाढवा.

वाया जातो तो पुढचा साठा. प्लेअर थोडं पुढचं आधीच उतरवून ठेवतो. आवडलं नाही म्हणून दोन मिनिटांत बंद केलेल्या प्रत्येक व्हिडिओमागे तो साठा फुकट जातो. दहा लेक्चर चाळून एक निवडायची सवय त्यामुळे महागात पडते.

आभा_बाणेर

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, पण इथेच विचारते. हॉटस्पॉट लावला की फोन इतका तापतो की एप्रिल-मेमध्ये हातात धरवत नाही, आणि बॅटरी दुपारीच संपते. मैत्रिणीने सांगितलं म्हणून आता केबल लावून यूएसबी टेदरिंग करते. फोन चार्जही होत राहतो आणि तापणं बरंच कमी झालंय. डेटाचं म्हणाल तर कधी मोजला नाही.

नेटवर्कवाला_काका

आभाताई, वेगळा नाही, याच धाग्यातला आहे. केबलने जोडलं की लॅपटॉपला ते वायफाय दिसत नाही, `Ethernet` दिसतं. म्हणजे वायफायवर लावलेला मीटर इथे लागू नाही. `Network & internet` मध्ये `Ethernet` उघडून तिथे `Metered connection` वेगळं चालू करावं लागेल. ते केलं नसेल तर अपडेट मोकाट उतरत असतील. आज एकदा बघाच.

आभा_बाणेर

बघितलं. बंदच होतं! आता चालू केलं. धन्यवाद काका.

मगरपट्टा_नाइटशिफ्ट

आमच्याकडे लेक्चर नाही, नेटफ्लिक्स. आई-बाबा गावाहून आले की लॅपटॉपवर लावून देतो. फोनच्या ॲपमध्ये मोबाइल डेटाचं जे सेटिंग असतं ते लॅपटॉपला लागू होत नाही. ब्राउझरमधून अकाउंटमध्ये जाऊन प्रोफाइलच्या `Playback settings` मध्ये बदलावं लागतं. नेटफ्लिक्सच्या आकड्यांप्रमाणे `Low` ला तासाला ०.३ जीबीपर्यंत, `Medium` ला ०.७ पर्यंत, आणि `High` वर एचडी असेल तर ३ जीबीपर्यंत जातात. दीड जीबीच्या कोट्यात `High` चा अर्धा तास बसतो, `Medium` चे जेमतेम दोन तास.

हे सेटिंग प्रोफाइलचं असल्याने माझ्याच प्रोफाइलवर केलं असतं तर घरच्या टीव्हीवरचं चित्रही उतरलं असतं. म्हणून 'हॉटस्पॉट' नावाचं वेगळं प्रोफाइल केलं आणि फक्त त्यालाच `Low` लावलं. त्यातच पुढचा भाग आपोआप सुरू होणं आणि झलक आपोआप चालणंही बंद केलं. बाबांना खुर्चीत झोप लागते, तेव्हा पुढचा भाग सुरू न होणं हे फार कामाचं ठरलं.

औंधचा_मयूर

तुम्ही सगळे ४जीच्या काळातलं बोलताय. अमर्यादित ५जीचा प्लॅन घ्या, मोजायचं कारणच नाही.

पेठकरीण

भावाच्या प्लॅनवर अमर्यादित ५जी आहे, म्हणूनच आम्हाला आधी उलगडा होत नव्हता. त्याची खोली जुन्या वाड्यात तळमजल्याला, जाड भिंतींची. खिडकीत फोन ५जी दाखवतो, टेबलावर आणला की ४जीवर उतरतो, आणि ४जीवर गेलेला डेटा रोजच्या कोट्यातून कापला जातो. लॅपटॉपवर यातलं काहीच कळत नाही, व्हिडिओ तसाच चालू राहतो. आता फोन खिडकीच्या कट्ट्यावरच ठेवतो आणि मधूनमधून वरची खूण बघतो.

औंधचा_मयूर

हे मान्य. माझी खोली अकराव्या मजल्यावर आहे, मला कधी उतरलेलं दिसलं नाही. पण अमर्यादित ५जी हॉटस्पॉटवर चालतं ना सगळ्यांचं? माझा मित्र म्हणतो त्याच्या प्लॅनच्या अटींमध्ये यावर बंधन आहे.

नेटवर्कवाला_काका

आपापल्या प्लॅनच्या अटी वाचूनच ठरवा. एकाचं चाललं म्हणून दुसऱ्याचं चालेल असं नाही.

जुना_लॅपटॉप

माझा लॅपटॉप जुना आहे, यूट्यूब लावलं की पंखा घोंघावतो. त्यासाठी ब्राउझरमध्ये एक एक्स्टेन्शन टाकलं, ते यूट्यूबला एच.२६४ मध्येच व्हिडिओ द्यायला लावतं. पंखा शांत झाला, पण हॉटस्पॉटचा डेटा वाढल्यासारखा वाटतोय. प्रत तीच, ४८०पी.

नेटवर्कवाला_काका

वाटतोय नाही, वाढलाच असेल. व्हिडिओवर उजवी क्लिक करून `Stats for nerds` उघडा. `Codecs` समोर `avc1` दिसलं तर ते एच.२६४. `vp09` किंवा `av01` असेल तर तशाच दिसणाऱ्या चित्राला सहसा कमी डेटा लागतो. पण जुन्या लॅपटॉपच्या चिपला ते उलगडता येत नाही, मग सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि पंखा सुरू होतो. तुमच्या बाबतीत पंखा आणि डेटा यांतलं एक निवडावं लागेल. मी असतो तर एक्स्टेन्शन ठेवून ३६०पी वर उतरलो असतो. फळ्यावरची अक्षरं मोठी असतील तर ३६०पी ला वाचता येतात.

जुना_लॅपटॉप

भूगोलाचे नकाशे ३६०पी ला वाचता येत नाहीत काका. नकाशे आले की तेवढ्यापुरतं ४८०पी करतो.

कर्वेनगर_पीजी

यूट्यूबवर `Auto` ठेवलं तर चालत नाही का? नेट कमी असलं की ते आपोआप कमी करतं ना?

नेटवर्कवाला_काका

ते वेग बघतं आणि खिडकीचा आकार बघतं, तुमचा कोटा बघत नाही. चांगलं ५जी मिळालं आणि व्हिडिओ पूर्ण पडद्यावर घेतला की प्रत वर जाणार. प्रत हाताने लावा आणि नवीन व्हिडिओ लावल्यावर एकदा चाकावर नजर टाका. आणखी एक, यूट्यूबच्या मुखपृष्ठावर कर्सर नेला की व्हिडिओ आपोआप चालू होतात. `Settings` मधल्या `Playback and performance` मध्ये जाऊन `Inline playback` बंद करा.

पेठकरीण

मीटर लावल्यानंतर तीच मोजणी पुन्हा केली. तेवढंच लेक्चर, ४८०पी. फोनवर सहाशे एमबीच्या आसपास गेले, म्हणजे ब्राउझरच्या आकड्याहून थोडेच जास्त. अपडेट थांबून राहतात ते रविवारी माझ्या घरी येऊन वायफायवर करून घेतो. ते मात्र चुकवू नका, सुरक्षेचे अपडेट महिनोन्‌महिने अडवून ठेवणं बरं नाही.

लाइव्ह_बॅच

माझा क्लास स्वतःच्या संकेतस्थळावर लाइव्ह होतो. त्या प्लेअरमध्ये प्रत निवडायचा पर्यायच नाही. तीन तासांच्या बॅचला दोन जीबी जातात. काही उपाय?

नेटवर्कवाला_काका

क्रोममध्ये त्या टॅबवर `F12` दाबा. `Network` मध्ये जिथे `No throttling` लिहिलंय, तिथून `Custom` खाली `Add` करून डाउनलोड ८०० केबीपीएसचं एक प्रोफाइल करा आणि ते निवडा. प्लेअर वेगानुसार प्रत बदलणारा असेल तर आपोआप खाली उतरेल. ८०० केबीपीएसला तासाला जास्तीत जास्त ३६० एमबी, म्हणजे तीन तासांना एक जीबीच्या थोडं वर. ती `F12` ची चौकट उघडी असेपर्यंतच हे चालतं, आणि त्याच टॅबपुरतं.

लाइव्ह_बॅच

आज सकाळच्या बॅचला करून बघितलं. सुरुवातीला थोडं अडखळलं, मग चित्र मऊ झालं पण आवाज स्वच्छ, आणि डेटा निम्म्यावर आला. संध्याकाळची शंका-समाधानाची बॅच व्हिडिओ मीटिंगसारखी असते, तिथे मात्र काहीच फरक पडला नाही. तिथे कुणाला जमलं असेल तर सांगा.