मदत हवी आहे: तिपिटकातली शब्दमोजणी आणि '…पे॰…'

संशोधनपद्धतीच्या सेमिनारसाठी पाली निकायांची छट्ठसङ्गायन आवृत्ती देवनागरीत घेतली आहे. 'झान', म्हणजे ध्यान, हा शब्द कोणत्या निकायात किती येतो ते मोजतेय. संयुत्तनिकायातला ५३ वा भाग चक्क झानसंयुत्त आहे, पण तिथे आकडा अगदीच तोकडा येतोय. यावरून 'संयुत्तात ध्यानाला कमी महत्त्व' असं म्हणता येईल का?
– मीनल

अभिधम्म_वाचक: मुळीच नाही. तो भाग उघडून वाचा. त्यात ५४ सुत्तं आहेत, पण चार ध्यानांचं वर्णन सुरुवातीला एकदाच पूर्ण येतं. पुढे '…पे॰…', म्हणजे मागचंच पुन्हा म्हणायचं. पठण करणाऱ्याला ते सगळं पाठ असायचं. तुमचा प्रोग्राम मात्र छापलेलंच मोजतो. संयुत्तातली सुत्तं अट्ठकथेच्या हिशेबाने ७७६२, तर फेअर यांच्या छापील आवृत्तीत २८८९. फरक मुख्यतः पेय्याल, म्हणजे '…पे॰…'ने गाळलेले भाग, कसे मोजायचे याचा.

संगणक_सुहास: सोपं आहे. ठरावीक साच्याचे सगळे परिच्छेद गाळा आणि उरलेलं मोजा.

अभिधम्म_वाचक: काही प्रश्नांना ते चालेल. दोन सुत्तांत वेगळं काय आहे हे शोधताना साचे गाळलेच पाहिजेत, नाहीतर 'भिक्खवे' सगळ्यांच्या वर येऊन बसतो. पण मीनलताईंचं ध्यानाचं वर्णन हाच एक साचा आहे. तो गाळलात तर मोजायला उरेल काय?

भारत_पर्व: महाभारतावर काम करताना मलाही असंच अडलं. चिकित्सक आवृत्तीच्या डिजिटल संहितेत एक श्लोक सापडला नाही, म्हणून तो नाहीच असं धरून चाललो होतो. तो तळटीपांतल्या पाठभेदांत होता. ओसीआर नीट तपासा.

मीनल: इथे ओसीआरचा प्रश्न नाही, मजकूर टाइप केलेला आहे. पण संपादकाने काय वर ठेवलं आणि काय खाली टाकलं, हा मुद्दा मलाही लागू होतो. मग '…पे॰…' उलगडून मोजू का?

अभिधम्म_वाचक: उलगडा, पण कुठून कुठपर्यंत हे तुम्हीच ठरवणार, आणि प्रत्येक आवृत्ती वेगळ्या ठिकाणी कात्री लावते. त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्या. शिवाय एकूण किती वेळा यापेक्षा किती सुत्तांत, हे मोजा. आणि जुळलेल्या ओळी डोळ्यांनी वाचा: नुसतं 'झान' शोधलंत तर 'उज्झानसञ्ञी'ही जाळ्यात येईल, आणि त्याचा अर्थ आहे दोष काढणारा.

संगणक_सुहास: साचे कुठे कुठे आले याचा नकाशा काढला तर कोणता भाग आधीचा तेही कळेल ना?

अभिधम्म_वाचक: कोणती सुत्तं एकाच साच्यावर बेतलेली आहेत ते दिसेल. कोणी कोणाकडून घेतलं हे त्यातून निघत नाही, कारण पठणात साचे दोन्ही दिशांनी फिरतात. चिनी आगमांतली समांतर सुत्तं ताडून पाहिल्याशिवाय मी तरी काळाबद्दल बोलणार नाही.

संगणक_सुहास: सगळी मोजदाद एकाच दिशेला झुकत असेल तरीही?

मीनल: माझे मार्गदर्शकही सुहाससारखंच म्हणतात. दोन्ही आकडे काढून इथे टाकते.