लँडफार्मिंगमधलं ‘टिलिंग’: नांगरणी म्हणावं की कुळवणी?

मीनल: तेल सांडलेल्या मातीच्या उपचारावरचं एक मार्गदर्शक मराठीत आणतेय. ‘दर पंधरा दिवसांनी टिलिंग’ इथे ‘नांगरणी’ चालेल का? आणि लँडफार्मिंगला ‘भूशेती’?

अरविंद: नांगरणीच लिहा. माती खालीवर करून तेल खाणाऱ्या जिवाणूंना हवा द्यायची, एवढंच तर आहे.

सुलभाताई: हवेचं बरोबर, पण नांगरणी नको. वाफ्यातला मातीचा थर फूटभराचा असतो आणि त्याखाली चिकणमातीचं किंवा प्लास्टिकचं अस्तर. शब्द वाचून कुणी खरोखरच नांगर घातला तर अस्तर फाटेल आणि तेल खाली उतरेल. ‘कुळवणी’ किंवा ‘रोटाव्हेटर फिरवणे’ लिहा. रोटाव्हेटर पाच-सात इंचच जातो, म्हणून थर पातळ ठेवावा. नाहीतर तळाची माती काळी, कुबट वासाची राहते.

‘दर पंधरा दिवसांनी’पुढे ‘वाफसा असताना’ हे जोडाच. ओल्या मातीत यंत्र घातलं की ढेकळं बनतात. ढेकूळ फोडून पाहा: बाहेरून माती फिकी, आत तेल तसंच.

दिनेश: आमच्या विहिरीजवळ डिझेल सांडलंय. तिथेच युरिया टाकून कुळवलं तर?

सुलभाताई: दिनेशराव, विहिरीजवळ नको. पावसात डिझेल आणि नायट्रेट दोन्ही झिरपतील. आधी ती माती खणून अस्तरावर दूर न्या.

मीनल: ‘न्यूट्रिएंट डोस’ला ‘खताची मात्रा’ लिहिलंय. शंभर भाग कार्बनला दहा भाग नायट्रोजन, एक भाग स्फुरद.

अरविंद: म्हणजे टनभर मातीत २० किलो तेल असेल तर कार्बन १७ किलो, नायट्रोजन १.७ किलो, युरिया ३.७ किलो. एकदाच टाकून मोकळं व्हायचं.

सुलभाताई: गणित बरोबर, टाकायची रीत चूक. मातीत १५ टक्के ओल धरली तर टनाला १५० लिटर पाणी. सगळा युरिया त्यात विरघळला की पाणी इतकं खारट होतं की जिवाणू मंदावतात. लिटरला दोन ग्रॅम नायट्रोजनच्या आत राहायचं, तर एका खेपेला साधारण ६५० ग्रॅम युरिया बसतो. म्हणून ‘मात्रा’ नको, ‘हप्ते’ लिहा. पुढचा हप्ता मातीतला नायट्रोजन तपासून. अमोनियाचा वास आला तर थांबायचं.

मीनल: शेवटचा प्रश्न: तपासणीत हायड्रोकार्बन निम्मे झाले, तर ‘विघटन ५० टक्के’ म्हणू?

सुलभाताई: ‘घट’ म्हणा. कुळवताना हलकं तेल हवेत उडतं, तेही त्या आकड्यात येतं. विघटन म्हणायचं तर तेलातल्याच दोन हायड्रोकार्बनचं, हेप्टाडेकेनचं प्रिस्टेनशी, गुणोत्तर पाहा. दोन्ही साधारण सारखेच उडतात, पण जिवाणू हेप्टाडेकेन आधी खातात. गुणोत्तर उतरलं तर विघटन चालू आहे. पुढे प्रिस्टेनही खाल्लं जातं, मग ही खूण उपयोगी राहत नाही.

अरविंद: आणि ‘भूशेती’?

सुलभाताई: त्यात पीक येणार असं वाटतं. मला ‘मशागत-उपचार’ बरा वाटतो.

मीनल: लांबलचक आहे. तूर्त ‘लँडफार्मिंग’च ठेवते.