मदत हवी आहे: नवरा चारचौघांत माझ्या बोलण्याची नक्कल करतो

तुळस१२: रविवारी नणंदेच्या बाळाचं बारसं आहे, त्याआधी सांगा. कोजागिरीला गच्चीवर मी शेजारणीला म्हटलं, "दूध आटवून राहिले." नवऱ्याने लगेच सगळ्यांसमोर तेच वाक्य माझ्या सुरात म्हणून दाखवलं. सगळे हसले. मी पेला हातात धरून बसले, पुढे तासभर तोंड उघडलं नाही. भांडण न होता हे त्याला कसं सांगू?

अंबाडी: माहेर कुठलं? घरीही करतो का? आधी कधी बोललीस का त्याच्याशी?

तुळस१२: माहेर अमरावती, सासर पुणे. घरी दोघंच असताना कधीच नाही. त्याच रात्री खाली आल्या आल्या म्हटलं, "तू नेहमी माझा अपमान करतोस." तो म्हणाला, "नेहमी कधी? तूही हसतेस की." साडेबारापर्यंत वाद चालला.

सह्याद्रीकाका: तुम्हीही त्याची नक्कल करा. आमच्या हिने माझ्या घोरण्याची केली, तेव्हापासून मी गप्प.

अंबाडी: काका, तुम्ही गप्प बसलात. तिचा नवरा दुप्पट करेल, आणि वर म्हणेल, "बघा, हिलाही गंमत चालते."

वऱ्हाडवाला: आपल्या बोलीची लाज कायले बाळगायची? बिनधास्त बोला!

तुळस१२: दादा, लाज नाही हो. माहेरी दिवसभर तशीच बोलते. तो ती बोली हसण्यावारी नेतो, ते लागतं.

निरांजन: मी जोडप्यांचं समुपदेशन करते. तुझं गाडं "नेहमी" या शब्दावर अडलं. तो शब्द ऐकला की समोरचा अपवाद शोधतो, आणि मूळ गोष्ट बाजूला पडते. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांची भांडणं चित्रित करून पाहिली, तर सुरुवातीच्या तीन मिनिटांवरूनच पुढचा बराच अंदाज येत होता. म्हणून पहिलं वाक्य ठरवून जा.

शनिवारी सकाळी चहाच्या वेळी एकच प्रसंग काढ: "कोजागिरीला तू माझं वाक्य म्हणून दाखवलंस, तेव्हा मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की नंतर बोलवेना. मी हसले, कारण सगळे बघत होते. उद्या बारशाला माझ्या बोलण्याची नक्कल करू नकोस." एवढं बोलून थांब. "गंमत होती" म्हणाला तर हेतूवर वाद घालू नकोस. "तुझ्या मनात वाईट नव्हतं, मान्य. मला लागलं, तेही खरं," इतकंच म्हण. आणि पुढच्या वेळी उसनं हसू नकोस.

अंबाडी: आणि बारशातच परत केलं तर?

निरांजन: सवयीने सुटलं आणि लगेच सावरला, तर सोडून दे. पण "हिला आवडत नाही बरं का" म्हणत त्याचीच नवी गंमत केली, तर लागतंय हे कळूनही तो करतोय. मग चहावरच्या बोलण्याने भागणार नाही.

सह्याद्रीकाका: एवढं पाठ करून बायको बोलायला लागली तर मला धडकीच भरेल.

तुळस१२: शनिवारी सकाळी सासूबाई स्वयंपाकघरातच असतात. त्याला फिरायला नेऊन बोलते. पण नणंदही हसली होती, तिला काय सांगू?